सोसायटीच्या पार्किंगमध्ये ई-वाहन चार्जिंग: प्रस्ताव, खर्चवाटप आणि सुरक्षा

सोसायटीत पहिली इलेक्ट्रिक गाडी आली की साधारण एकच गोष्ट घडते. मालक आपल्या ओळखीचा वायरमन आणतो, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून एक केबल पार्किंगमध्ये सोडतो आणि खांबाला १५ अँपिअरचा सॉकेट ठोकतो. कमिटी तोंडी हो म्हणते, कारण एकाच गाडीचा प्रश्न असतो. दुसरी, तिसरी गाडी आली की भिंतीवर केबलींचं जाळं होतं. मग कुणीतरी तक्रार करतं आणि कमिटी सरसकट बंदी घालते. वेळेवर नीट प्रस्ताव आला, तर ही भानगड टळते. असा प्रस्ताव कसा तयार करायचा, हे एका उदाहरणातून पाहू.

समजा, पुण्यात कोथरूडला ४८ फ्लॅटची सहकारी गृहनिर्माण संस्था आहे. खाली स्टिल्ट पार्किंग, वीज महावितरणची. आज ५ इलेक्ट्रिक कार आणि ९ इलेक्ट्रिक स्कूटर आहेत. पुढच्या काही वर्षांत १२ कार आणि १५ स्कूटर होतील, असा अंदाज आहे. खालचे रुपयांचे आकडे हिशेबाची रीत कळावी म्हणून घेतलेले आहेत; तुमचे आकडे तुमच्या कोटेशनमधून येतील.

वीज कुठून घ्यायची, हे आधी ठरवा

प्रस्तावातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच. चार्जर कुठल्या कंपनीचा, हा प्रश्न फार नंतरचा.

पहिला मार्ग म्हणजे प्रत्येकाने आपल्या फ्लॅटच्या मीटरवरून पार्किंगपर्यंत केबल आणणं. स्वतःच्या जागेत स्वतःची गाडी चार्ज केली तर त्या जागेचाच वीजदर लागतो, त्यामुळे यात बेकायदा काही नाही. मीटर रूम पार्किंगला लागून असेल आणि गाड्या दोन-तीनच असतील, तर हा मार्ग चालतोही. पण महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. १००, ३०० आणि ५०० युनिट ओलांडताना वरच्या युनिटांचा भाव वाढतो. महिन्याला २०० युनिट खाणारी कार घरच्या मीटरवर आली की ती युनिटं वरच्या टप्प्यातच पडतात. शिवाय फ्लॅटचा मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो आणि प्रत्येकाची केबल वेगळी. बारा गाड्या म्हणजे बारा केबली.

दुसरा मार्ग सोसायटीच्या सामायिक मीटरवरून सब-मीटर लावून देण्याचा. स्वस्त वाटतो, पण त्याच मीटरवर लिफ्ट आणि पाण्याचा पंप असतो. संध्याकाळी पंप, लिफ्ट आणि चार गाड्या एकदम चालल्या की मुख्य एमसीबी पडतो आणि गाडी नसलेला माणूस लिफ्टमध्ये अडकतो. त्या दिवसानंतर सभेत तुमचं कुणी ऐकत नाही.

तिसरा मार्ग ई-वाहन चार्जिंगसाठी सोसायटीच्या नावे वेगळी वीजजोडणी घेण्याचा. महाराष्ट्रात ई-वाहन चार्जिंगसाठी वेगळा दरगट आहे आणि त्याला घरगुतीसारखे चढते टप्पे नाहीत. २०२४ च्या ग्राहक हक्क नियमांतल्या दुरुस्तीनुसार मागणी केल्यावर वीज कंपनीने अशी स्वतंत्र जोडणी द्यायची आहे. सभासदांकडून युनिटमागे पैसे घेतले तर सोसायटी वीज विकते असं होतं का, हा प्रश्न सभेत हमखास येतो. चार्जिंग ही सेवा आहे, त्यासाठी वीजविक्रीचा परवाना लागत नाही, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच केलेला आहे.

पाच-सहा गाड्यांच्या पुढे जाणार असाल तर माझं मत सरळ तिसऱ्या मार्गाला आहे. बाहेरची कंपनी सगळा खर्च स्वतः करून चार्जर बसवून देते, असाही एक पर्याय येतो. करार वाचल्याशिवाय भुलू नका. दर कोण ठरवणार, बाहेरच्या गाड्यांना आत सोडायचं का आणि कंपनी मधेच निघून गेली तर केबल कुणाची, या तीन प्रश्नांची उत्तरं करारात लेखी हवीत.

भाराचा हिशेब: वाटतो त्यापेक्षा कमी लागतो

बारा कार, प्रत्येकी ७.४ किलोवॅटचा चार्जर, म्हणजे जवळपास ८९ किलोवॅट. हा आकडा ऐकून कमिटी घाबरते आणि प्रस्ताव तिथेच संपतो. हिशेब किलोमीटरपासून सुरू करा.

शहरात रोजचं धावणं सरासरी ४० किलोमीटर धरू. छोटी-मध्यम इलेक्ट्रिक कार एका युनिटमध्ये साधारण ७ किलोमीटर जाते. म्हणजे सुमारे ६ युनिट, चार्जिंगमधली घट धरून ७. स्कूटरला रोज २ युनिट पुरतात. बारा कारचे ८४ आणि पंधरा स्कूटरचे ३०, मिळून रात्रीचे ११४ युनिट. पार्किंग रात्री दहा ते सकाळी सहा असं आठ तास वापरलं, तर २० किलोवॅटची जोडणी १६० युनिट देते. ८९ किलोवॅटची गरज मुळात नव्हतीच.

मात्र सगळ्यांनी एकाच वेळी लावून चालणार नाही. ३.३ किलोवॅटचा साधा पॉइंट सुमारे १४ अँपिअर ओढतो. तिन्ही फेजवर चार-चार कार वाटल्या आणि सगळ्या एकदम सुरू झाल्या, तर प्रत्येक फेजवर ५७ अँपिअर होतात. २० किलोवॅटच्या जोडणीला फेजमागे २८-२९ अँपिअरच मिळतात. यावर दोन उपाय आहेत. एक, भार वाटून देणारे स्मार्ट चार्जर, जे एकूण प्रवाह मर्यादेत ठेवतात. दुसरा, टायमर. सहा कार रात्री दहा ते दोन, उरलेल्या सहा दोन ते सहा, आणि स्कूटर संध्याकाळी सात ते दहा. चार तासांत एका कारला १३ युनिट मिळतात, म्हणजे गरजेच्या जवळजवळ दुप्पट. पंधरा स्कूटर प्रत्येकी पाऊण किलोवॅटने ११ किलोवॅटच घेतात. गाड्या कमी असताना टायमर पुरतो. आठ-दहाच्या पुढे मात्र वेळापत्रकावरून भांडणं सुरू होतात, तेव्हा स्मार्ट चार्जर घ्यावेत. दोन गटांची वाटणी करताना प्रत्येक फेजवर प्रत्येक गटाच्या दोनच गाड्या येतील हे बघा, नाहीतर टायमर असूनही एमसीबी पडेल.

याची एक मर्यादा प्रस्तावात स्पष्ट लिहा. कोकणातून रिकामी बॅटरी घेऊन आलेली ४५ युनिटची कार ३.३ किलोवॅटवर पूर्ण भरायला चौदा तासांच्या आसपास लागतील. त्या दिवशी बाहेरचा फास्ट चार्जर वापरायचा. सोसायटीची व्यवस्था रोजच्या धावण्यासाठी आहे.

मुख्य केबल मात्र आजच्या गरजेपेक्षा वरच्या आकाराची टाका. जोडणीचा भार नंतर अर्ज करून वाढवता येतो. भिंती पुन्हा फोडून केबल बदलणं महागात पडतं.

खर्च कुणाचा?

इथे सभा अडते. ‘आमच्याकडे गाडीच नाही, आम्ही का द्यायचे?’ हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला प्रस्तावातच उत्तर हवं.

खर्चाचे दोन भाग पाडा. जोडणीचे आकार, मीटर, मुख्य पॅनेल, केबल, ट्रे, अर्थिंग आणि आग विझवण्याची साधनं हा सामायिक भाग. तो सोसायटीच्या मालकीचा राहील. पॅनेलपासून आपल्या जागेपर्यंतची तार, स्वतःचा एमसीबी, वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा आरसीसीबी, सब-मीटर आणि चार्जर हा वैयक्तिक भाग. तो ज्याचा त्याने भरायचा.

आमच्या उदाहरणात सामायिक भाग २,४०,००० रुपयांचा धरू. ४८ फ्लॅटमध्ये वाटला तर प्रत्येकी ५,००० येतात, पण गाडी नसलेले विरोध करतात. आजच्या चौदा जणांवरच टाकला तर पहिले आले म्हणून ते भुर्दंड भरतात आणि नंतरचे फुकट जोडले जातात. म्हणून प्रवेश शुल्क ठरवा: कारला १५,००० आणि स्कूटरला ४,०००. पुढेमागे १२ कार आणि १५ स्कूटर जोडल्या की १,८०,००० अधिक ६०,००० असे बरोबर २,४०,००० होतात. आज ५ कारचे ७५,००० आणि ९ स्कूटरचे ३६,००० मिळून १,११,००० जमतील. उरलेले १,२९,००० सोसायटीने आपल्या शिलकीतून उचल म्हणून द्यायचे आणि पुढच्या ७ कार व ६ स्कूटरच्या शुल्कातून वसूल करायचे. गाडी नसलेल्याचा एकही पैसा खर्च होत नाही, फक्त काही काळ अडकतो.

तेवढे सभासद आलेच नाहीत तर? त्यासाठी वापरावर युनिटमागे १ रुपया देखभाल व वसुली आकार लावा. आजच्या वापराला, म्हणजे महिन्याला १,५९० युनिटांना, वर्षाचे सुमारे १९,००० रुपये जमतात. देखभाल निघते आणि उचलही हळूहळू फिटते. सिंकिंग फंडाला मात्र हात लावू नका. तो इमारतीच्या मोठ्या दुरुस्त्या आणि पुनर्बांधणीसाठी आहे. ऑडिटमध्ये शेरा आला की पुढच्या कमिटीला आयतं कारण मिळतं.

महिन्याचं बिल असं काढायचं. मुख्य मीटरवर १,६४० युनिट आले आणि सब-मीटरांची बेरीज १,५९० झाली, असं समजा. फरक ५० युनिट, म्हणजे ३ टक्के. केबलमधली घट आणि मीटरांचा किरकोळ फरक धरता हे ठीक. फरक महिन्यागणिक वाढत गेला तर सब-मीटर बिघडलाय, एखादा जोड तापतोय किंवा कुणीतरी सब-मीटरला वगळून वीज घेतोय. स्थिर आकारासकट बिल १५,१०५ रुपये आलं, तर ते सब-मीटरांच्या बेरजेने भागा: युनिटला ९.५० रुपये. त्यात १ रुपया मिळवून १०.५०. महिन्याला २१० युनिट वापरणाऱ्या कारवाल्याचे २,२०५ आणि ६० युनिटवाल्या स्कूटरचे ६३० रुपये. ही रक्कम मेंटेनन्सच्या बिलात वेगळ्या ओळीत दाखवा आणि सब-मीटरच्या आकड्यांचे फोटो नोटीस बोर्डावर लावा. संशय त्याने निम्मा जातो.

सुरक्षा: नेमकं काय बघायचं

चार्जिंगमधल्या बऱ्याच दुर्घटनांचं मूळ बॅटरीत नसून सॉकेटमध्ये असतं. मिक्सर किंवा इस्त्री काही मिनिटं चालते. गाडी मात्र चौदा अँपिअर सलग चार-पाच तास ओढते. साध्या सॉकेटची पकड थोडी सैल असली की जोड तापतो, प्लास्टिक तपकिरी होतं, वास येतो. चार्जिंगनंतर प्लग हाताला चटका देण्याइतका गरम लागला, तर त्या सॉकेटवर गाडी लावणं लगेच बंद करायचं. म्हणून खांबावर घरगुती सॉकेट नको. थेट वायरिंग केलेला चार्जर किंवा औद्योगिक पद्धतीचा निळा सॉकेट घ्या.

केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांतल्या काही अटी कंत्राटदाराच्या कामाच्या यादीत जशाच्या तशा टाका. प्रत्येक पॉइंटला पॅनेलपासून स्वतंत्र सर्किट आणि स्वतंत्र संरक्षण. सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच. गाडी पॉइंटपासून ५ मीटरच्या आत उभी राहील अशी जागा. एक्स्टेंशन बोर्डाला पूर्ण मनाई. आणि ३० मिलिअँपिअरचा, किमान ए प्रकारचा आरसीसीबी.

या शेवटच्या अटीवर ठाम राहा, कारण कंत्राटदार इथेच काटकसर करतात. घराघरांत बसवलेला आरसीसीबी बहुधा एसी प्रकारचा असतो. गाडीच्या चार्जरमधून होणाऱ्या गळतीत डीसीचा अंश येऊ शकतो. तो आला की एसी प्रकारचा आरसीसीबी आंधळा होतो आणि माणसाला शॉक बसत असतानाही पडत नाही. ए प्रकार एसी लाटेच्या चिन्हासोबत तुटक लाटेचं चिन्ह छापलेलं असतं त्यावरून ओळखू येतो. काम ताब्यात घेताना प्रत्येक नगाचा फोटो काढा, आणि दर महिन्याला त्यावरचं टेस्टचं बटण दाबून तो पडतो की नाही हे वायरमनकडून तपासून घ्या.

अर्थिंगसाठी चार्जिंग पॅनेलजवळ स्वतंत्र खड्डे घ्या आणि मोजणीचा अहवाल मागा. चार्जरवर लाल दिवा आणि अर्थिंगच्या बिघाडाचा इशारा येतो, तेव्हा काही वायरमन न्यूट्रल आणि अर्थ जोडून दिवा हिरवा करून देतात. हे जीवघेणं आहे. न्यूट्रल तुटली तर गाडीच्या पत्र्यावर पूर्ण दाब येतो.

जागा निवडताना जिना, लिफ्टची लॉबी, गॅसची पाइपलाइन किंवा सिलिंडरची बँक, जनरेटरचं डिझेल आणि मीटर रूमचं दार यांपासून लांब राहा. बाहेर पडण्याच्या वाटेवर एकही पॉइंट नको. तळघरापेक्षा स्टिल्ट किंवा उघडं पार्किंग केव्हाही बरं, कारण धूर बाहेर जातो आणि अग्निशमनाची गाडी पोचते. तळघराशिवाय पर्याय नसेल तर पॉइंट उताराच्या तोंडाजवळ घ्या. मुसळधार पावसात पार्किंगमध्ये पाणी कुठवर चढलं होतं, ते जुन्या रहिवाशांना विचारा; भिंतीवर खूण असतेच. ८०० मिलिमीटर हा किमान आकडा आहे, पुराच्या खुणेपेक्षा वर जाणं तुमच्या हातात आहे. पाणी साचायला लागलं की मुख्य स्विच बंद करायचा, हे वॉचमनला मराठी-हिंदीत लिहून द्या.

वॉचमनच्या केबिनजवळ सगळ्या चार्जिंगची वीज तोडणारा एक लाल बटणाचा स्विच असावा. आगीच्या वेळी त्याने करायचं ते एवढंच: बटण दाबायचं, १०१ किंवा ११२ ला फोन करून इलेक्ट्रिक गाडी आहे हे सांगायचं, लोकांना लांब करायचं. पावडरचा सिलिंडर पॅनेलमधल्या सुरुवातीच्या आगीला उपयोगी आहे. लिथियम बॅटरी आतून पेटली की पावडरने थांबत नाही; तिला सतत भरपूर पाणी मारून थंड करावं लागतं आणि ते काम अग्निशमन दलाचं. विझलेली गाडी काही तासांनी पुन्हा पेटू शकते, म्हणून तिला इतर वाहनांपासून दूर उघड्यावर ठेवतात. सोसायटीचं अग्निसुरक्षेचं प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. त्या तपासणीत चार्जिंगची जागाही दाखवा.

एक नियम स्कूटरवाल्यांना आवडणार नाही, पण ठरावात हवा: काढता येणारी बॅटरी पॅसेजमध्ये किंवा फ्लॅटच्या दाराशी लावून झोपायचं नाही. ती पेटली तर घरातून बाहेर पडायची वाटच बंद होते. बाहेरून बदलून घेतलेल्या, कंपनीच्या नसलेल्या बॅटरीलाही सोसायटीच्या पॉइंटवर परवानगी नको.

सभेत कसं न्यायचं

सचिवांना लेखी अर्ज द्या. सोबत गाड्यांच्या पाहणीचा तक्ता, भाराचा हिशेब, पार्किंगच्या नकाशावर पॉइंट आणि केबलचा मार्ग, आणि परवानाधारक विद्युत कंत्राटदारांची तीन कोटेशनं जोडा. तिघांना कामाची यादी एकच द्या, नाहीतर स्वस्त कोटेशनमध्ये आरसीसीबीच नसतो. कमिटी विषय घेत नसेल तर एक पंचमांश सभासदांच्या सहीने विशेष सर्वसाधारण सभा मागवता येते. आमच्या उदाहरणात दहा सह्या लागतील. आदर्श उपविधींनुसार विशेष सभेची नोटीस पाच पूर्ण दिवस आधी आणि वार्षिक सभेची चौदा पूर्ण दिवस आधी निघाली पाहिजे. विषय अजेंड्यावर स्पष्ट लिहिलेला हवा. ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात खर्चाचा ठराव करू नका, तो टिकत नाही.

ठरावाचा मसुदा असा ठेवता येईल:

“संस्थेच्या पार्किंगमध्ये ई-वाहन चार्जिंगसाठी संस्थेच्या नावे २० किलोवॅटची स्वतंत्र वीजजोडणी घेण्यास व जोडलेल्या अंदाजपत्रकानुसार रु. २,४०,००० पर्यंत खर्चास ही सभा मंजुरी देत आहे. प्रवेश शुल्क कारसाठी रु. १५,००० व दुचाकीसाठी रु. ४,००० राहील. उर्वरित रक्कम संस्था उचल म्हणून देईल व ती पुढील प्रवेश शुल्क आणि युनिटमागे रु. १ आकारातून वसूल होईल. दर ना नफा ना तोटा तत्त्वावर, दरमहा वीजबिलावरून ठरेल. परवानगीशिवाय टाकलेली केबल पंधरा दिवसांच्या नोटिशीनंतर काढण्यात येईल. पॉइंट बसवल्याने पार्किंगच्या जागेवर मालकी हक्क निर्माण होणार नाही.”

शेवटचं वाक्य गाळू नका. स्टिल्ट पार्किंग ही सामायिक जागा आहे, बिल्डर ती वेगळी विकू शकत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल आहे. चार्जर बसवला म्हणून कुणी जागा कायमची आपली मानायला लागला, तर गाडी नसलेले सभासद पुढच्या प्रत्येक ठरावाला आडवे येतील. तुमच्याकडे पार्किंग दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटत असतील, तर वैयक्तिक चार्जरचा विचार सोडा. एका बाजूच्या सलग जागा चार्जिंगसाठी राखा आणि चिठ्ठीच्या वेळी इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना त्याच जागांमधून निवड द्या. भाडेकरूच्या अर्जावर फ्लॅटमालकाची सही घ्या, कारण थकबाकी शेवटी मालकाकडूनच वसूल करायची असते. फ्लॅट विकला की प्रवेश शुल्काचा हक्क नव्या सभासदाकडे जातो. चार्जर मात्र जुना मालक काढून नेऊ शकतो.

ठराव झाल्यावर इतिवृत्ताची प्रत लावून वीज कंपनीकडे नवीन जोडणीचा अर्ज करा आणि दरगट ई-वाहन चार्जिंगचाच निवडला आहे ना, हे पाहा. चुकून व्यावसायिक लागला तर दुरुस्तीला महिने जातात. २०२४ च्या नियमांनी जोडणीची मुदत महानगरांत तीन, इतर पालिका क्षेत्रांत सात आणि ग्रामीण भागात पंधरा दिवस केली आहे. जवळच्या ट्रान्सफॉर्मरवर जागा नसेल तर मात्र जास्त वेळ धरून चाला. कंत्राटदाराच्या रकमेतले दहा टक्के अडवून ठेवा. सगळ्या नेमून दिलेल्या गाड्या एका रात्री वेळापत्रकाप्रमाणे लावून पाहायच्या, पहाटे पॅनेलमधले जोड किती तापलेत ते मोजून घ्यायचं, अर्थिंगचा आणि आरसीसीबीचा चाचणी अहवाल हातात आला की मगच शेवटचा चेक द्यायचा.